शेळीआई आली की आल्या

मुलांच्या गोष्टी तपासणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याने एक दिवस माझ्या खुर्चीत येऊन बसावं. मोठ्यांच्या लिखाणात चूक राहिली तर मोठा माणूस ती गिळतो आणि पुढे जातो. मूल गिळत नाही. 'कोकरू निघालं आणि तो ओढ्यावर गेला' असं छापून गेलं की मूल तिथेच अडतं आणि विचारतं, तो कोण? कोकरू कुठे राहिलं? आणि त्याचं बरोबर असतं.

आमचं मासिक लहान मुलांचं. वह्या-पुस्तकांच्या दुकानावर दोन खोल्या, चढताना गुडघ्यांची परीक्षा घेणारा जिना, आणि गल्लीकडे उघडणारी एकच खिडकी. त्या खिडकीजवळचं टेबल माझं. संपादक आतल्या खोलीत बसतात आणि सगळ्यांना 'छान, छान' म्हणतात. वाईट सांगायचं काम माझ्याकडे. मी ते मन लावून करते.

माझी पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरूनच झालं. पहिल्या वाचनाला मी गोष्ट वाचतच नाही. पेन्सिल घेते, वाक्यात क्रियापद कोणाचं ऐकतंय ते शोधते, आणि त्या दोघांना रेघेने जोडते. 'कोकरू पळालं.' ठीक. 'कोकराने पाला खाल्ला.' इथे हुकूम पाल्याचा. 'कोकराने पानं खाल्ली.' इथे पानांचा. रेघ नीट जोडली गेली तर पुढे, नाहीतर फुली. दुसऱ्या वाचनाला पात्रं धरते. एका पात्राला एकच रूप, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. पान एकवर 'ती' आणि पान तीनवर 'त्या' हे माझ्याकडे चालत नाही. आणि तिसरं वाचन मोठ्याने. छपाईची पानं लागली की लेखकाने एक प्रत वाचायची, दुसरी प्रत माझ्यासमोर. तोंडातून निघालेलं आणि कागदावरचं जिथे वेगळं पडेल तिथे मी पेन्सिल टेबलावर वाजवते. डोळा लबाड असतो, त्याला हवं तेच वाचतो. जीभ बिचारी तेवढी हुशार नसते.

लेखक या पद्धतीला वैतागतात. एक कवी तर जिना उतरताना मला काहीबाही बोलून गेले. पण खडूबाई कधी वैतागल्या नाहीत.

खडूबाई हे त्यांचं खरं नाव नव्हे हे सांगायला नको. शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवतात. फळा पुसायला डस्टर असलं तरी कोपराने पुसायची सवय, त्यामुळे उजव्या बाहीला कायम खडूचा पांढरा पट्टा. शाळेतून थेट आमच्याकडे यायच्या, स्टुलाच्या कडेवर टेकायच्या, जणू स्टूल दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवलंय. मी एकामागून एक फुल्या दाखवायचे. त्या म्हणायच्या, "बरं." दुसऱ्या दिवशी सगळं दुरुस्त करून आणायच्या. इतकी गरीब लेखिका मी दुसरी पाहिली नाही. मला तर कधीकधी राग यायचा. अहो, एकदा तरी भांडा माणसाशी.

तर त्या भांडल्या. भांडल्या म्हणजे त्यांच्या मापाने. 'शेळीआई' नावाच्या गोष्टीवरून.

गोष्ट साधी होती. एका कोकराची आई ते जन्मलं तेव्हाच गेली. मेंढपाळाने ते उचलून एका शेळीच्या पुढ्यात ठेवलं. शेळीला स्वतःची दोन करडं. तिने कोकराला हुंगलं, तोंड फिरवलं, पुन्हा हुंगलं, आणि मग पाय जरा फाकवून उभी राहिली. कोकरू दूध प्यायलं. तेव्हापासून ते तिला शेळीआई म्हणायला लागलं. शेजारी एक कोंबडी आहे, ती सगळ्यांना सल्ले देते. मग एके दिवशी टेकडीवर धुकं उतरतं, कोकरू हरवतं, ओरडतं, आणि शेळीआई त्याला शोधून आणते. संपली गोष्ट.

कोकरू चार-पाच ठिकाणी 'तो' झालं होतं. ते होणारच. लिहिताना मनात मुलगा असला की हात 'तो' लिहून जातो. ते मी दाखवलं, बाई "बरं" म्हणाल्या. मग मी दुसरा कागद पुढे ओढला.

"बाई, ही शेळी कोण आहे?"

"शेळीच आहे की."

"मग 'शेळीआई म्हणाल्या' कशाला? ही काय मुख्याध्यापिका आहे?"

बाईंनी बाहीवरचा खडू झटकला. "त्या वयाने मोठ्या आहेत," म्हणाल्या. शेळीबद्दल.

"कोंबडीही मोठी आहे. तिला तुम्ही 'म्हणाली' केलंय."

"कोंबडी शेजारची आहे."

मी डोक्याला हात लावला. पण माझा नियम असा की लेखकाने आपल्या पात्राला काय म्हणावं हे लेखकाचं. शेळीला पगडी घालायची असेल तर घाला, फक्त गोष्टभर घाला. म्हटलं, "बरं, आल्या तर आल्या. पण मग हे धुक्याचं पान बघा. 'शेळीआई धावत आली.' 'तिने कोकराला हुंगलं.' 'तिच्या पोटाशी कोकरू शिरलं.' आणि पुढच्या पानावर पुन्हा 'शेळीआईंनी विचारलं', 'त्या म्हणाल्या'. धुक्यात आदर हरवला की काय?"

बाईंनी कागद हातात घेतला. पेन्सिलीच्या फुल्या एकाखाली एक होत्या, सगळ्या त्या एकाच पानावर. त्या बघत राहिल्या. मला वाटलं आता 'बरं' येईल. आलं नाही.

"हे मी लिहिलंय?"

"नाही, मी लिहिलंय. रिकामपणी."

त्या हसल्या नाहीत. चेहरा असा झाला की मीच जरा नरमले आणि म्हटलं, "अहो, एवढं काय त्यात? सगळीकडे 'आली' करून टाकू. मुलांना तेच जवळचं वाटेल."

"नको," बाई म्हणाल्या. "आई ऐकणार आहेत."

आई म्हणजे त्यांच्या सासूबाई. त्यांना आख्खी गल्ली सिस्टर म्हणते. उभा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून काढला, निम्म्या गावाला सुया टोचल्या, त्यामुळे आजही त्या समोरून आल्या की मोठमोठी माणसं दंड चोळतात. हल्ली त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून बाई आपली प्रत्येक गोष्ट छापण्याआधी त्यांना वाचून दाखवतात. सिस्टरांनी मान डोलावली तरच ती आमच्याकडे येते. ही मात्र बाईंनी अजून वाचून दाखवली नव्हती. पहिल्यांदाच.

मग त्या बोलल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा चार वाक्यांपेक्षा जास्त बोलल्या. मी पेन्सिल खाली ठेवून ऐकलं.

बाईंची आई त्या बसायलाही शिकल्या नव्हत्या तेव्हा गेली. काही दिवस मामाकडे, काही दिवस वसतिगृहात, अशा त्या वाढल्या. कोणी वाईट वागवलं नाही. पण 'अगं आई' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून कधी निघालेच नाहीत, कारण म्हणायला समोर कोणी नव्हतं. ठेच लागली की आपण सगळे 'आई गं' म्हणतो. विचार करून म्हणत नाही, आतूनच येतं. बाई 'अरे बापरे' म्हणतात. हे मी आधी ऐकलेलं होतं, जिन्यात त्यांचा पाय मुरगळला तेव्हा. तेव्हा मला हसू आलं होतं.

लग्न होऊन घरात आल्या आणि पहिल्यांदा 'आई' हा शब्द वापरायला मिळाला. पण कसा? 'आई, तुम्ही.' 'आईंनी सांगितलंय.' 'आई झोपल्यात.' घरात नवरा ओरडतो, "ए आई, माझा चष्मा बघितलास का?" नणंद फोनवर म्हणते, "अगं आई, ऐक ना, तू काय करतेयस?" बाईंचा स्वतःचा मुलगा म्हणतो, "ए आजी, सरक." आणि बाई औषधाची गोळी आणि पाणी घेऊन दारात उभ्या राहतात, "आई, तुम्ही गोळी घेतलीत का?"

"घरातल्या सगळ्यांची ती आई आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या त्या आई आहेत."

मी इतकी वर्षं 'ती' आणि 'त्या' यांच्यावर फुल्या मारतेय. त्यांचं हे असं ओझं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मला माझी आई 'तू' होती, आणि मी त्या 'तू'चा उपयोग बहुतेक भांडायला केला.

"त्रास देतात का हो तुम्हाला?"

"छे. माझ्या बाळंतपणात त्यांनी मला उठू दिलं नाही. मी परीक्षा दिली तेव्हा घरातलं सगळं त्यांनी बघितलं. सख्खी आई काय करेल असं मला विचाराल तर मला माहीतच नाही, पण याहून जास्त काही करत असेल असं वाटत नाही."

"मग विचारा ना सरळ, तू म्हणू का म्हणून."

"इतक्या वर्षांनी?" बाई कागदाकडे बघत म्हणाल्या. "आणि नको म्हणाल्या तर? आता निदान त्यांनी नाही म्हटलेलं नाहीये."

बाईंनी माझीच पेन्सिल उचलली आणि धुक्याच्या पानावर प्रत्येक 'आली'चं 'आल्या' केलं, 'तिने'चं 'त्यांनी' केलं. कागद माझ्याकडे सरकवला. "सगळीकडे एक झालं ना?" म्हणाल्या. झालं होतं. माझ्या नियमाप्रमाणे अगदी चोख झालं होतं, आणि मी तो कागद हातात धरून मनातल्या मनात चरफडत होते.

आता ज्यांचं नाव घेतल्यावर माझा आवाज चढतो ते पानंवाले काका. कंप्यूटरवर पानं लावतात. त्यांचा स्वभाव म्हणजे एका दगडात शंभर पक्षी. बाईंच्या दुरुस्त्या एकेक करून घालत बसण्याऐवजी त्यांनी कंप्यूटरला हुकूम सोडला, 'म्हणाली' दिसेल तिथे 'म्हणाल्या' कर, 'आली' दिसेल तिथे 'आल्या' कर. कंप्यूटर आज्ञाधारक. त्याने सरसकट केलं. पान माझ्यासमोर आलं तेव्हा कोंबडी म्हणाल्या होत्या. करडं उड्या मारत आल्या होत्या. पावसाची एक सर आली होती, तीही बहुवचनी होऊन आल्या.

"काका, करडं कशी काय आल्या?"

"तुम्हीच म्हणालात ना, आदर सगळीकडे सारखा हवा."

"करडांना?"

"लहान मुलांनाही मान द्यावा असं संपादकच म्हणतात," काका म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

पानं दुसऱ्या दिवशी सकाळी छापायला जायची होती. असा घोळ झाल्यावर मोठ्याने वाचल्याशिवाय मी पान सोडणं शक्य नव्हतं. बाईंना फोन केला तर कळलं, सिस्टर न्हाणीघरात घसरून पडल्या, पाय प्लॅस्टरमध्ये आहे, बाई रजा घेऊन घरी आहेत. येऊ शकत नाहीत. म्हटलं, मग मीच येते. दोन प्रती पिशवीत घातल्या आणि निघाले.

बाईंचं घर पहिल्या मजल्यावर. पुढच्या खोलीत खिडकीजवळ खाट, खाटेवर सिस्टर, प्लॅस्टरचा पाय दोन उशांवर, हाताशी पाण्याचा तांब्या आणि चष्मा. खोली अशी नीटनेटकी की मी चपला तीनदा सरळ केल्या. नवरा कामावर, मुलगा कॉलेजात. घरात आम्ही तिघीच.

"आपण स्वयंपाकघरात बसू," बाई हळू म्हणाल्या.

"का?" खाटेवरून आवाज आला. कान शाबूत होते. "मला काय पायाने ऐकू येतं? इथे बसा. गोष्ट आहे ना? मलाही ऐकू दे. या खेपेला मला वाचून न दाखवताच पाठवलीस."

बाईंचा रंग उडाला. पण सिस्टरांपुढे आजवर कोणाचं चाललंय? मी छोटं टेबल पुढे ओढलं, बाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या, आणि वाचायला लागल्या.

कोंबडीपाशी त्यांच्या तोंडून आपोआप 'म्हणाली' निघालं. कागदावर 'म्हणाल्या'. मी पेन्सिल वाजवली आणि दुरुस्त केलं. करडांपाशी पुन्हा वाजवली. सिस्टरांनी विचारलं हे काय चाललंय, तेव्हा मी काकांचा पराक्रम सांगितला. त्या इतक्या हसल्या की पाय दुखला. शेळीआई मात्र सगळीकडे बरोबर चालली होती. 'शेळीआई म्हणाल्या', 'शेळीआईंनी हुंगलं', 'त्या उभ्या राहिल्या'. सिस्टर हसायच्या थांबल्या. डोळे मिटून ऐकू लागल्या.

मग धुकं आलं. बाईंचा आवाज खाली गेला. "कोकराला स्वतःचे पायही दिसेनात," त्यांनी वाचलं. "ते ओरडलं. पुन्हा ओरडलं. आणि धुक्यातून शेळीआई धावत आली."

कागदावर 'आल्या' होतं. मी पेन्सिल वाजवली.

बाई थांबल्या. "शेळीआई धावत आल्या," त्यांनी दुरुस्त केलं. "तिने कोकराला..."

मी पुन्हा वाजवली. सवयीने वाजवली, दुष्टपणाने नाही.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. डोळे उघडले होते. "आता का वाजली? इथे काही करडं नाहीत."

"कागदावर 'आल्या' आहे," मी म्हणाले. "बाई 'आली' वाचतायत."

"मग बरोबर कोण? कागद की ती?"

"ते बाईंनी ठरवायचंय. मला फक्त गोष्टभर एक हवं."

"कागद बरोबर आहे, आई," बाई मान खाली घालून म्हणाल्या.

"कसला बरोबर," सिस्टर म्हणाल्या. "कोकरू हरवलंय तिकडे. अहो शेळीआई, आपण जरा इकडे येता का, असं ते म्हणेपर्यंत लांडगा जेवून हात धुऊन जाईल."

मला हसू फुटलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदाची कड इतकी घट्ट धरली होती की ती दुमडली.

सिस्टरांनी सुनेकडे बघितलं. मग हनुवटीवरून हात फिरवत म्हणाल्या, "शेळी मी आहे ना गं? असेनच. दाढीही यायला लागलीय आताशा."

खाली गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी उठून जावं का असं माझ्या मनात आलं, पण हातात पेन्सिल आणि समोर अर्धवट पान, मला उठता येईना.

"तुझं लग्न झालं त्या वर्षी तुला ताप भरला होता," सिस्टर म्हणाल्या. "आठवतो?"

"ताप आठवतो."

"दुपारभर मी तुझ्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते. मला ड्यूटीवर जायचं होतं. उठायला लागले तर तू माझा हात धरलास आणि म्हणालीस, आई, तू जाऊ नकोस. मी गेले नाही. ड्यूटी बुडवली, आयुष्यात पहिल्यांदा. संध्याकाळी ताप उतरला, तू उठून बसलीस आणि मला म्हणालीस, आई, तुम्हाला माझ्यामुळे सुट्टी घ्यावी लागली."

बाईंनी मान वर केली. "मला हे माहीतच नाही."

"तुला कुठून माहीत असणार. तापात होतीस. मी मनाशी म्हटलं, ही तापात जिला 'तू' म्हणाली ती हिची आई. तिच्या जागेवर मी कशाला जाऊन बसू? पण तू पुन्हा म्हणशील अशी वाट बघितली हो. बरीच वर्षं बघितली. पुढे तुला नुसतं सर्दी-पडसं झालं तरी जवळ येऊन बसायचे."

मी इतक्या वर्षांत हजारो वाक्यं तपासली असतील. त्या शेवटच्या वाक्याला मला कुठेच फुली मारता आली नसती. दोघी एकाच घरात, एकाच चुलीपाशी, एकमेकींसाठी झुरत राहिल्या आणि दोघींनाही वाटत होतं की असं मागणं बरं दिसत नाही. शहाण्या बायका. मला तर दोघींना धरून हलवावंसं वाटलं.

त्याऐवजी मी माझं काम केलं. "काय करू, बाई?" विचारलं. "पान उद्या सकाळी जायचंय."

बाईंनी कागदाची दुमडलेली कड बोटाने सरळ केली. मग म्हणाल्या, "आली करा. सगळीकडे."

मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. 'म्हणाल्या'चं 'म्हणाली'. 'शेळीआईंना'चं 'शेळीआईला'. 'त्यांनी'चं 'तिने'. कोकराच्या तोंडच्या वाक्यांतही 'तुम्ही'चं 'तू'. वेळ लागणारं काम होतं, आणि बरं झालं लागणारं होतं, कारण मला खाली मान घालून बसता आलं. बाई उठल्या. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं, खाटेपाशी गेल्या. तोंड उघडलं. मी वर बघितलं नाही, पण पेन्सिल थांबली.

"आई," बाई म्हणाल्या. पेला पुढे केला. मग, "पाणी हवंय?"

त्या वाक्यात 'तू' नव्हतं की 'तुम्ही' नव्हतं. असली वाक्यं मला लांबून ओळखू येतात. लेखकाची खात्री नसली की तो असा कडेकडेने जातो. सिस्टरांनाही ते कळलं असणार. "दे," म्हणाल्या आणि पेला घेतला. तहान नव्हती, एकच घोट प्यायल्या.

"जमत नाही हो, आई," बाई म्हणाल्या. आणि रडायला लागल्या. आवाज न करता, जसं त्या सगळंच करतात.

"राहू दे," सिस्टर म्हणाल्या. "जीभ ती, वळण पडलेलं. माझेही दवाखान्यातली नोकरी सुटल्यावर वर्षभर हात नाडीकडेच जायचे. जा, गोष्ट पुरी कर. या बाईंना उशीर होतोय."

मला काही उशीर होत नव्हता. पण मी दुरुस्त केलेली प्रत बाईंच्या हातात दिली आणि नियम मोडला, माझ्यासमोर दुसरी प्रत घेतलीच नाही. बाईंनी डोळे पुसले. रजेच्या दिवशीही बाहीला खडू होताच, तो गालाला लागला. धुक्यापासून पुन्हा वाचायला लागल्या, एकेक शब्द, दुसरीतली मुलं वाचतात तसं बोट ठेवून.

"आणि धुक्यातून शेळीआई धावत आली. तिने कोकराला हुंगलं. तिच्या पोटाशी कोकरू शिरलं. तिचं अंग ओलं होतं, कारण ती सगळी टेकडी फिरून आली होती."

इथे त्या थांबल्या. पुढची ओळ कोकराची होती. मीच ती आत्ता दुरुस्त केली होती, 'शेळीआई, तू कुठे होतीस?' त्यावर शेळी म्हणते, 'मी तुलाच शोधत होते बाळा, चल घरी.' मला ती पाठ होती.

बाईंनी ओळीवर बोट ठेवलं. पण कागदाकडे बघितलं नाही. खाटेकडे बघितलं.

"आई," त्यांनी वाचलं, "तू कुठे होतीस?"

"इथेच होते गं," सिस्टर म्हणाल्या.

कागद बाईंच्या हातातून मांडीवर पडला. त्या उठून खाटेपाशी गेल्या आणि प्लॅस्टरचा पाय सांभाळून खाली बसल्या, सिस्टरांच्या कुशीत डोकं घालून. सिस्टर त्यांच्या केसांवरून हात फिरवत होत्या. मी कागद उचलला, त्या ओळीतलं 'शेळी' पेन्सिलीने खोडलं आणि पुढे सगळं बरोबर आहे ना ते बघायला उरलेल्या ओळी मीच मोठ्याने वाचल्या. शेळी कोकराला घेऊन टेकडी उतरली, करडं दाराशी आली, कोंबडी काहीतरी म्हणाली. दोघींपैकी कोणी ऐकत होतं असं मला वाटत नाही.